फ्लूच्या तापात हरतालिका: उपवास, पाणी आणि गोळ्यांच्या वेळा

हरतालिका भाद्रपदात येते, ऐन पावसाळी तापाच्या दिवसांत. महाराष्ट्रात फ्लूचा एक जोर जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत असतो. २००९ साली स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, तोही ऑगस्टमध्येच. त्यामुळे हरतालिकेच्या आदल्या दिवशी अंगात ताप असणं ही नवलाची गोष्ट नाही. हे व्रत अनेक घरांत निर्जळी केलं जातं, दुसऱ्या दिवशी गणपती येतात आणि घरातली बाई दोन्हींतलं काहीच सोडायला तयार नसते. पुढची कृती तिच्यासाठी आणि तिच्या घरच्यांसाठी आहे. एकादशी, श्रावणी सोमवार किंवा नवरात्रातही ती तशीच वापरता येईल.

कृतीचा गाभा एकच आहे: तापात निर्जळी उपवास करायचा नाही, पाणी पिऊन फलाहाराचा करायचा. गोळ्यांच्या वेळा उपवासाप्रमाणे हलवायच्या नाहीत, उपवास गोळ्यांच्या वेळांप्रमाणे बसवायचा.

आधी मनातली अडचण

"पाणी प्यायले तर व्रत मोडेल" ही भीती खरी असते, तिला हसून चालणार नाही. पण या प्रश्नाचं उत्तर धर्मशास्त्रानंच देऊन ठेवलं आहे. व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टींची यादी महाभारताच्या उद्योगपर्वात आहे आणि व्रतांच्या चर्चेत ती नेहमी आधाराला घेतली जाते. पाणी, कंदमुळं, फळं, दूध, हविष्यान्न, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध, अशी ती यादी आहे. पाणी त्यात पहिलं आहे आणि औषध शेवटचं. आजारी माणसाच्या वतीनं घरातल्या दुसऱ्या कुणी उपवास करण्याची, म्हणजे प्रतिनिधीची सोयही शास्त्रात आहे. सासूबाईंना किंवा आईला हे आदल्या दिवशी शांतपणे सांगावं. ऐन पूजेच्या वेळी वाद नको.

ताप आणि उपवास एकत्र आले की काय होतं

घाम आला नाही तरी त्वचेतून आणि श्वासातून आपलं पाणी जातच असतं. मोठ्या माणसाचं दिवसाला साधारण पाऊण लिटर पाणी असं जातं. ताप चढला, श्वास वाढला की ते आणखी वाढतं. पॅरासिटामॉल घेतल्यावर ताप उतरताना दरदरून घाम सुटतो, तो वेगळाच. दुसऱ्या बाजूनं आवक बंद होते. एरवी दिवसभराच्या पाण्यातला निदान पाचवा हिस्सा जेवणातून, म्हणजे भात, वरण, भाजी, ताक यांतून मिळतो. निर्जळीत तोही थांबतो.

पाणी कमी झालं की रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडाला रक्त कमी मिळतं आणि कफ घट्ट होऊन छातीत बसतो. रोज चालू असलेल्या काही गोळ्याही याच वेळी घातक ठरतात, म्हणून खाली गोळ्यांना सर्वांत जास्त जागा दिली आहे.

कुणी कोणताच उपवास करू नये

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, इन्सुलिन घेणाऱ्यांनी, मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या रुग्णांनी, पासष्टीच्या पुढच्यांनी, लहान मुलींनी आणि उलट्या-जुलाब चालू असलेल्या कुणीही फ्लूच्या तापात फलाहाराचाही उपवास धरू नये. त्यांनी पूजा करावी आणि नेहमीचं हलकं जेवण घ्यावं.

साहित्य

- काचेचा नव्हे, डिजिटल थर्मामीटर
- एक लिटरची बाटली, पाणी मोजण्यासाठी
- ओआरएसची दोन-तीन पाकिटं. पाकिटावर डब्ल्यूएचओचं सूत्र असल्याचं लिहिलेलं पाहून घ्यावीत
- शहाळं, ताक, लिंबू, दूध, वरई, राजगिऱ्याच्या लाह्या, रताळं, केळी
- बीपी किंवा साखरेचा त्रास असेल तर घरातलं मोजण्याचं यंत्र
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका ताटात, आणि एक कागद-पेन

फळांच्या चवीची खोक्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. त्यांत साखर फार आणि मीठ कमी असतं. पाकीट मिळालं नाही तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावं. उपवासाला साधं मीठ चालत नसेल तर शेंदेलोण घ्यावं. तेही मुख्यतः तेच मीठ आहे, फक्त बारीक कुटून घ्यावं, कारण खडे चमच्यात नीट मोजले जात नाहीत. हे पाणी चोवीस तासांत संपवावं, उरलेलं टाकून द्यावं.

कृती

१. आदल्या संध्याकाळी डॉक्टरांना फोन. तीन गोष्टी सांगायच्या: ताप किती आणि कितव्या दिवसाचा, चालू गोळ्या कोणत्या, आणि उद्या उपवास आहे. गोळ्यांची नावं ताटातल्या पाकिटांवरून वाचावीत. "बीपीची छोटी पांढरी" एवढ्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. याच वेळी हा ताप फ्लूचाच आहे ना, हेही विचारावं. पावसाळ्यात डेंगी, मलेरिया आणि लेप्टोचे तापही फिरत असतात. डेंगीत ताप उतरण्याच्या सुमाराला, म्हणजे चौथ्या-पाचव्या दिवशी खरा धोका सुरू होतो. त्या वेळी "ताप गेला, आता उपवास धरते" असं मुळीच करू नये. नाक गळणं आणि खोकला नसून नुसता ताप, डोळ्यांमागे दुखणं किंवा अंगावर पुरळ असेल तर आधी रक्त तपासावं.

२. गोळ्यांचे चार ढीग करायचे. डॉक्टर फोनवर सांगतील तसं प्रत्येक पाकीट एका ढिगात ठेवायचं.

*पहिला ढीग: रिकाम्या पोटी चालणाऱ्या.* पॅरासिटामॉल यात येतं. ते रिकाम्या पोटी चालतं, पण पाण्याबरोबरच घ्यावं. थायरॉइडची गोळी तर नेहमी रिकाम्या पोटीच घ्यायची असते. दम्याचा पंप वेळच्या वेळी ओढायचा, त्यानं उपवासाला काहीच होत नाही. ज्या पंपानंतर चूळ भरायला सांगितली असेल, तिथे चूळ भरून थुंकावी.

*दुसरा ढीग: खाऊन घ्यायच्या.* फ्लूसाठी डॉक्टरांनी ऑसेल्टामिव्हिर दिलं असेल तर मोठ्या माणसाला ते साधारण ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस असं असतं. लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं तर त्याचा गुण जास्त येतो, म्हणून "उपवास झाल्यावर परवापासून" हे चालत नाही. ते रिकाम्या पोटीही काम करतं, पण मळमळतं. दुधाबरोबर किंवा केळ्याबरोबर घेतलं की बहुतेकांना त्रास होत नाही. दोन गोळ्यांत बारा तासांचं अंतर ठेवायचं. एखादी चुकली तर आठवेल तेव्हा घ्यावी. पण पुढच्या गोळीची वेळ दोन तासांवर आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी. दोन एकदम घेऊ नयेत.

*तिसरा ढीग: तापात आणि कमी खाण्यात थांबवायच्या.* सर्वांत जास्त घोटाळा याच ढिगात होतो. साखरेसाठीची ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड शरीरातलं इन्सुलिन वाढवते. जेवण नसताना ती घेतली की साखर धोकादायक उतरते. मेटफॉर्मिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, पाणी कमी झालं की ते अंगात साठतं. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन लघवीतून साखर आणि पाणी दोन्ही बाहेर काढतात. आजारपणात उपाशी राहिल्यास त्यांच्यामुळे रक्तात आम्ल साचू शकतं, आणि त्या वेळी साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसतो, म्हणून ते ध्यानातही येत नाही. बीपीच्या टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारख्या गोळ्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या कोरड्या पडलेल्या शरीरात बीपी फार खाली नेतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. यांतलं काय थांबवायचं आणि किती दिवस, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं. पण प्रश्न मात्र तुम्हीच विचारायचा: "ताप आहे, खाणं कमी आहे, या गोळ्या उद्या घेऊ का?"

*चौथा ढीग: कधीही चुकवायच्या नाहीत अशा.* फिटच्या गोळ्या, रक्त पातळ करणाऱ्या, हृदयाचे ठोके आवरणाऱ्या आणि रोजच्या स्टेरॉइडच्या गोळ्या उपवासासाठी थांबवायच्या नाहीत आणि पुढे ढकलायच्याही नाहीत.

एक पाचवी जागा म्हणजे कपाटाचा वरचा खण. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, निमेसुलाइड या अंगदुखीच्या गोळ्या तिथे ठेवून द्याव्यात. रिकाम्या पोटात त्या जठराला जखम करतात, पाणी कमी असताना मूत्रपिंडाला इजा करतात आणि ताप डेंगीचा निघाला तर रक्तस्रावाची भीती वाढवतात. मुलांना तर फ्लूमध्ये अ‍ॅस्पिरिन अजिबात देऊ नये.

३. पॅरासिटामॉलचा हिशेब कागदावर ठेवायचा. ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत निदान सहा तास आणि चोवीस तासांत जास्तीत जास्त चार. उपाशी पोटी यकृताची हे औषध पचवण्याची ताकद कमी होते, म्हणून उपवासाच्या दिवशी एकही जास्तीची घेऊ नये. यकृताचा आजार असेल किंवा वजन फार कमी असेल तर ही मर्यादाही डॉक्टरांकडून खाली आणून घ्यावी. सर्दीच्या बहुतेक तयार गोळ्यांत आणि गरम पाण्यात घालून प्यायच्या पुड्यांतही पॅरासिटामॉल असतं. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचून तेही या चारांत धरावं. ताप ९९-१०० असेल आणि अंग फार दुखत नसेल तर गोळी घ्यायची गरज नाही.

४. पाणी मोजून प्यायचं. पाण्याचं बंधन नसलेल्या, साधारण साठ किलो वजनाच्या बाईला तापात दिवसाला अडीच ते तीन लिटर पातळ पदार्थ लागतात. जागेपणी तासाला एक फुलपात्र प्यायलं की एवढं सहज होतं. त्यात एक लिटर ओआरएस, दोन फुलपात्री ताक, एक शहाळं, दूध आणि बाकी साधं पाणी असावं. मूत्रपिंड अधू असेल तर शहाळं विचारूनच घ्यावं, त्यात पोटॅशियम फार असतं. मळमळत असेल तर दर पाच मिनिटांनी दोन-तीन चमचे द्यावेत, गटागटा पाजू नये. पॅरासिटामॉलनं घाम सुटला की लगेच दोन फुलपात्री वाढवावीत.

५. फलाहार हलका ठेवायचा. साबुदाण्याची खिचडी तेला-तुपाची आणि दाण्याच्या कुटाची, पचायला जड. तापात ती पोटात तशीच बसते आणि पाणी प्यायची इच्छाही जाते. त्याऐवजी वरईची पातळ पेज जिरं आणि मीठ घालून, दुधात भिजवलेल्या लाह्या, उकडलेलं रताळं किंवा एखादं केळं घ्यावं. भगरीचं जुनं, सुटं पीठ टाळावं. पावसाळ्यात त्याला बुरशी धरते आणि त्यातून विषबाधा होते. वरई घरी निवडून, धुऊन शिजवावी.

६. पूजा बसून, घरातच. फ्लू लक्षणं सुरू झाल्यापासून पहिले पाच-सात दिवस दुसऱ्याला लागतो. शेजारणींबरोबर एकत्र पूजेला जाऊ नये, घरीच वाळूची पिंड मांडावी. पत्री आणायला पावसात दुसऱ्या कुणाला पाठवावं. पाटाऐवजी खुर्चीवर बसावं, कारण खाली वाकून एकदम उठताना भोवळ येते. उदबत्ती लांब ठेवावी, खोकला चाळवतो. जागरण टाळावं. ज्या घरांत रात्री रुईच्या पानावर तूप घेऊन चाटायची रीत आहे, तिथे देठाचा चीक ओठांना किंवा डोळ्यांना लागणार नाही याची काळजी घ्यावी, तो झोंबतो.

७. दर चार तासांनी तपासायचं. लघवी किती वेळा झाली आणि रंग कसा आहे, हे कागदावर लिहावं. फिकट पिवळा ठीक, गडद आणि थोडी म्हणजे पाणी कमी पडतंय. बी-कॉम्प्लेक्स चालू असेल तर रंग भडक पिवळाच दिसतो, त्या वेळी फक्त किती वेळा आणि किती झाली ते पाहावं. दुसरी खूण: आडवं असताना नाडी मोजावी, मग कुणाच्या आधारानं उभं राहून मिनिटभरानं पुन्हा मोजावी. तीसहून जास्त ठोके वाढले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर पाणी बरंच कमी झालं आहे. ठोके आवरणारी गोळी चालू असेल तर नाडी वाढत नाही, तिथे भोवळीवरच विश्वास ठेवावा.

एक दिवस, तासातासानं

समजा, बावन्न वर्षांच्या एक काकू आहेत. फ्लूचा दुसरा दिवस. सकाळी थायरॉइडची गोळी, बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध एकत्र असलेली गोळी, साखरेसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. डॉक्टरांनी ऑसेल्टामिव्हिर सुरू केलं आहे. आदल्या संध्याकाळच्या फोनवर त्यांनी सांगितलं: साखरेच्या दोन्ही गोळ्या उद्या बंद, साखर चार वेळा मोजा. सकाळी वरचं बीपी ११० च्या खाली असेल तर बीपीची गोळीही घेऊ नका.

- सकाळी ६: थायरॉइडची गोळी, एक फुलपात्र पाणी.
- ७: ताप १०१.२. पॅरासिटामॉल पहिली. बीपी १०६/६८, म्हणून बीपीची गोळी बाजूला. साखर १६८.
- ८: दूध, थोड्या लाह्या, मग ऑसेल्टामिव्हिर.
- ९: घाम सुटला. कपडे बदलून दोन फुलपात्री ओआरएस.
- ११: खुर्चीवर बसून पूजा, अर्ध्या तासात आटोपती.
- दुपारी १: वरईची पेज आणि ताक. ताप १००.८, अंग दुखतंय. पॅरासिटामॉल दुसरी. साखर १८२.
- ५: कागदावर दिसलं की सकाळपासून लघवी दोनदाच झाली, तीही गडद. बाटली पाहिली तर दुपारी पाहुणे आल्यामुळे दोन तास काहीच प्यायलं नव्हतं. आता उरलेलं ओआरएस समोर ठेवून दर दहा मिनिटांनी थोडं थोडं. साखर १५४.
- साडेसात: लघवी भरपूर, फिकट. आडवं-उभं राहून पाहिलं, नाडीत फक्त दहाचा फरक. ताप ९९.८, पॅरासिटामॉल नको.
- ८: दूध, अर्धं रताळं, ऑसेल्टामिव्हिर दुसरी. साखर १७६.
- ९: झोप. उशाशी पाणी, लेकीच्या मोबाइलवर रात्री १ चा गजर. ती उठून एक फुलपात्र पाणी देईल आणि ताप पाहील.

संध्याकाळी पाचला लघवीकडे लक्ष गेलं नसतं तर रात्रभरात कोरडेपणा वाढून पहाटे उठताना भोवळ आली असती. निर्जळी केलं असतं तर दोन्ही वेळच्या ऑसेल्टामिव्हिरचं आणि थायरॉइडचं काय करायचं, हा प्रश्न सकाळी सहापासूनच पडला असता.

साखर ७० च्या खाली गेली तर उपवास तिथेच संपला: तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी आणि मग नीट खावं. २५० च्या वर राहू लागली तरी डॉक्टरांना कळवावं, तापात साखर वाढते.

इथे उपवास थांबवून दवाखाना गाठायचा

श्वास लागणं, छातीत दुखणं, ऑक्सिजन ९४ च्या खाली, ओठ निळसर, बोलण्यात असंबद्धपणा, पाणीही न टिकणाऱ्या उलट्या, आठ तासांत लघवी नाही, वरचं बीपी ९० च्या खाली, किंवा उतरलेला ताप दोन दिवसांनी खोकल्यासह पुन्हा चढणं. यांतलं एकही दिसलं तर रात्र आहे, उद्या गणपती आहेत, असं म्हणून थांबू नये.

८. पारणं आणि थांबवलेल्या गोळ्या. दुसऱ्या दिवशी उपवास मऊ भात-वरणानं सोडावा. मोदक वळायला आणि तळणीपाशी उभं राहायला घरातल्या दुसऱ्या कुणी जावं. तिसऱ्या ढिगातल्या गोळ्या पारण्याबरोबर लगेच सुरू करायच्या नसतात. चोवीस ते अठ्ठेचाळीस तास नेहमीसारखं खाणं-पिणं झालं आणि लघवी व्यवस्थित होऊ लागली की डॉक्टरांना विचारून एकेक सुरू कराव्यात. गणपतीच्या गडबडीत हेच विसरलं जातं आणि दोन आठवड्यांनी बीपी वाढलेलं निघतं. म्हणून थांबवलेल्या प्रत्येक पाकिटावर पेननं दोन तारखा लिहाव्यात: थांबवली कधी, आणि विचारायचं कधी.